रात्रपाळी, कानातली गोष्ट आणि पहाटेचे चार

प्रश्न : मी रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड आहे. वेळ जात नाही म्हणून मोबाइलवर ऑडिओबुक आणि पॉडकास्ट ऐकायला लागलो. आता त्याशिवाय रात्र निघत नाही. घरी येऊन पडलो तरी कानात तेच चालू असतं. बायको म्हणते, व्यसन लागलंय. ड्युटीवर काही चुकलं तर नोकरी जाईल अशी धास्तीही वाटते. बंद करू का?

घाईने बंद करू नका. आधी एका काकांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका पन्नाशीचे. आधी कारखान्यात मशीनवर होते. ते काम सुटलं आणि एका गोदामाच्या गेटवर रात्री आठ ते सकाळी आठ अशी बारा तासांची ड्युटी लागली. अकरापर्यंत गाड्यांची ये-जा असे. त्यानंतर केबिन, रजिस्टर, सीसीटीव्हीचा पडदा आणि ठरलेले राउंड, एवढंच. मशीनवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला ही शांतता सोसवेना. सुटलेलं काम, भावाशी झालेलं भांडण, कोण काय बोललं, सगळं एक वाजल्यानंतर डोक्यात फिरायला लागे. मुलीने मोबाइलवर ऑडिओबुकचं ॲप घालून दिलं आणि काका सुटले. शाळेनंतर पुस्तक हातात न धरलेला माणूस जाडजूड कादंबऱ्या ऐकून संपवू लागला. मुलाखतींचे पॉडकास्ट ऐकू लागला. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता, ते मी मनात टिपून ठेवलं. समुपदेशनाला येणारी माणसं सहसा खुललेल्या चेहऱ्याने काही सांगत नाहीत.

मग एका पहाटे सव्वाचारला माल घेऊन आलेली गाडी गेटवर हॉर्न देत उभी राहिली आणि काकांना ऐकूच आलं नाही. ड्रायव्हर खाली उतरून केबिनची काच वाजवेपर्यंत नाही. सुपरवायझरने लेखी समज दिली. काकांनी लगेच इअरफोन कपाटात टाकले. पण त्या रात्री आणखी वाईट गेल्या. डुलक्या वाढल्या, भावाचं भांडण परत डोक्यात आलं. तेव्हा मुलगी त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

मी त्यांना एकच काम दिलं. सुपरवायझरला विचारून दोन रात्री नेहमीसारखं ऐका, आणि शेवटी ऐकलेली गोष्ट मला सांगा. त्यांनी सुरुवात झोकात केली. वाडा, दोन भाऊ, मृत्युपत्र, नदीवरची ती रात्र, माणसांच्या आवाजांसकट. मग म्हणाले, “आणि मग ते कोर्टात... म्हणजे धाकटा तिथे उभा होता.” मी विचारलं, नदीवरून कोर्टात कसा पोहोचला? काका थांबले. आठवेना. ॲप उघडून पाहिलं तर मधली दोन प्रकरणं वाजून गेलेली होती. काकांची खात्री होती की ते सलग ऐकत होते. ती प्रकरणं कधी वाजली असतील, याचा हिशेब मांडला तर वेळ निघाली साडेतीन ते साडेचारची.

म्हणजे हॉर्न ऐकू आला नाही तेव्हा काका गोष्टीत गुंगले असतील, यापेक्षा ते झोपले असण्याची शक्यता जास्त होती. डोळे उघडे असतील, मान ताठ असेल, आणि तरीही मेंदू काही सेकंद बंद पडतो. याला मायक्रोस्लीप म्हणतात, आणि तो येऊन गेला हे त्या माणसाला बहुधा कळतही नाही. एकामागून एक अशी झापड येऊ लागली की त्यात पंधरा-वीस मिनिटांची खरी डुलकीही मिसळते. शांत खोलीत माणूस दचकून जागा होतो तेव्हा निदान समजतं की आपल्याला झोप लागली होती. कानात आवाज चालू असला की जाग येते तेव्हा कुणीतरी बोलतच असतं, त्यामुळे आपण जागेच होतो असं वाटतं. ऐकण्याचा खरा धोका मला इथे दिसतो. ऐकणं झोप आणतं असं नाही, ते आलेली झोप झाकतं.

पहाटे तीन ते पाच या वेळेत शरीराचं तापमान चोवीस तासांतल्या सगळ्यात खालच्या पातळीच्या आसपास असतं. दिवसा झोप काढली असली तरी शरीराचं घड्याळ सहजी बदलत नाही, कारण सकाळी घरी जाताना डोळ्यांवर ऊन पडतंच. त्यात एकसुरी पहारा. 1948 साली नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला होता. रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या चुका का होतात, हे त्याला शोधायचं होतं. माणसांना एका तबकडीसमोर बसवलं. काटा एकेक घर उडी मारत फिरायचा, आणि क्वचित कधी दोन घरांची उडी मारायचा. तेवढंच ओळखायचं. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या नजरेतून उड्या निसटू लागल्या. तरणी, धडधाकट माणसं होती ती. तेव्हा काकांना मी सांगितलं की तुम्ही कामचुकार नाही. काहीच घडत नसताना लक्ष ठेवणं हे माणसाच्या मेंदूला फार जड जाणारं काम आहे. थोडं ऐकत राहिल्याने मन जागेवर राहायला मदत होऊ शकते, फक्त कोणत्या तासाला काय ऐकायचं हे ठरवायला हवं.

आम्ही रात्रीचे तुकडे पाडले. आठ ते अकरा, गेट चालू असताना, काही नाही. राउंडवरही काही नाही, कारण तिथे पहारा कानांनीच द्यायचा असतो: पत्र्याचा आवाज, पाणी गळणं, कुत्र्यांचं भुंकणं. अकरा ते तीन गोष्ट ऐकायची, पण इअरफोन बंद. मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकरवर, हळू आवाजात. किती हळू, हे अंदाजाने ठरवलं नाही. रिलीव्हरला गेटवर पाठवून कडी नेहमीसारखी सरकवायला लावली आणि केबिनचं दार लावून गोष्ट चालू ठेवली. कडी स्पष्ट ऐकू येईपर्यंत आवाज खाली आणला आणि त्या खुणेच्या वर न्यायचा नाही असं ठरलं. एकाच कानात इअरफोन घालण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. एक कान बंद असला की आवाज कुठल्या बाजूने आला ते नीट कळत नाही, आणि गार्डला नेमकं तेच कळायला हवं.

तीन ते पाच गोष्ट बंद. या दोन तासांत बसायचंच नाही. सुपरवायझरने एक लांब राउंड मोडून दोन छोटे करून दिले, म्हणजे खुर्चीत सलग बसणं कमी झालं. केबिनचा दिवा पूर्ण. शेवटचा चहा दीडच्या आत, कारण त्यातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो आणि सकाळच्या झोपेत आडवा येतो. संध्याकाळी ड्युटीला निघण्यापूर्वी तासभर पडायचं. काकांना सगळ्यात जास्त फायदा या झोपेचा झाला असं माझं मत आहे, गोष्टींच्या वेळापत्रकाचा त्यानंतर.

शिवाय दर अर्ध्या तासाला गोष्ट थांबवून मागची पाच मिनिटं मनात सांगून बघायची. सांगता आली तर ठीक. मधला दुवा निसटला तर घड्याळात कितीही वाजले असोत, उठून उभं राहायचं आणि पुढची गोष्ट त्या रात्री नाही. ही कसोटी तुम्हीही आज रात्रीच लावून पाहा. तुमची चूक नेमकी कशाने होईल, हे त्यावरून कळेल.

आता बायको म्हणते त्या व्यसनाबद्दल. किती तास ऐकता यावरून मी ते ठरवत नाही. कुणी हाक मारली तर गोष्ट थांबवता येते का, थांबवल्यावर चिडचिड होते का, किती ऐकलं ते लपवता का, आणि ऐकणं थांबलं की नेमकं काय वर येतं, हे मी विचारते. काका थांबवू शकत होते, लपवतही नव्हते. पण शेवटच्या प्रश्नाला ते बराच वेळ गप्प बसले. भावाचं भांडण वर येत होतं. गोष्टीने ते दाबून ठेवलं होतं, मिटवलं नव्हतं. (दोन भावांच्या मृत्युपत्राची कादंबरी त्यांना इतकी का आवडली, हे मी विचारलं नाही. त्यांना ते माहीत असावं.) त्यासाठी आम्ही दुपारी उठल्यानंतरची पंधरा मिनिटं राखून ठेवली. वही घेऊन बसायचं, काय खुपतंय ते लिहायचं, करण्यासारखं काही असेल तर तेही लिहायचं, आणि वही मिटायची. रात्री विषय डोक्यात आला की “उद्या दुपारी” म्हणायचं. दमलेल्या मेंदूला पहाटे सगळंच वाईट दिसतं, त्या वेळी भावाबद्दल काही ठरवू नये.

घरी अंथरुणावर ऐकण्याचा प्रश्न वेगळा होता. पुढे काय झालं ही उत्सुकता घेऊन काका घरी येत, पडल्या पडल्या पुढचं प्रकरण लावत, आणि झोप तासभर मागे जाई. प्रकरणाचा शेवट मुद्दामच अशा जागी केलेला असतो की पुढचं लावावंसं वाटावं. म्हणून तीन वाजता थांबताना प्रकरण संपवायचं नाही, मधेच कुठेतरी, एखाद्या वर्णनात थांबायचं. तिथून मन सहज सुटतं. अंथरुणावर नवी गोष्ट नाही. अगदीच आवाज हवा असेल तर आधी ऐकलेली जुनी गोष्ट, पंधरा मिनिटांचा टायमर लावून. काकांनी यावर माझ्याशी बरीच हुज्जत घातली. मग संध्याकाळी जेवताना ते काकूंना रात्रीचा भाग सांगायला लागले आणि काकूंची तक्रार बरीच मवाळ झाली. आता त्या म्हणतात, पुढचं ऐकल्याशिवाय घरी येऊ नका.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सलग चौथ्या-पाचव्या रात्री काकांना अजूनही पहाटे झापड येते. झोपेचं कर्ज साचलं की कुठलीच युक्ती पुरत नाही, तिथे सुट्टीचा दिवस पुढे-मागे करून घ्यावा लागतो आणि ते सुपरवायझरच्या हातात असतं. त्यामुळे तुम्हीही आधी सुपरवायझरशी बोला. ड्युटीवर ऐकायची परवानगी नसेल तर लपून ऐकू नका. परवानगी असेल तर स्पीकर आणि तीन ते पाच बंद, एवढं सांगून ठेवा, म्हणजे उद्या काही झालं तर तुमची बाजू स्पष्ट राहील. आणि घरी जाताना गाडी चालवताना डोळे मिटत असतील, झोपेत जोरात घोरून मधेच श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, किंवा सुट्टीत भरपूर झोपूनही दिवसभर गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांकडे जा.