हाफ फ्राय: कडा कुरकुरीत, बलक वाहता आणि मधला पांढरा शिजलेला

प्रश्न: हाफ फ्राय करताना एकतर कडा करपतात, नाहीतर बलकाभोवतीचा पांढरा भाग चिकट, कच्चा राहतो. गाडीवर मिळतं तसं कुरकुरीत कडांचं आणि वाहत्या बलकाचं अंडं घरी कसं जमवायचं? राहायला ऐरोलीत आहे, पाइपचा गॅस आणि पातळ नॉनस्टिक पॅन आहे.

उत्तर:

दोन्ही बिघाडांचं मूळ बहुधा एकच आहे: अंडं टाकल्यापासून उतरवेपर्यंत आच एकसारखी ठेवलेली असते. कडांना जोराची आच लागते आणि तीही अर्धा-पाऊण मिनिटच. मधल्या भागाला त्यानंतरची मंद आच लागते. हे दोन टप्पे वेगळे केले की बराचसा प्रश्न सुटतो.

आधी कडांचं पाहू. अंड्याच्या पांढऱ्यात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, आणि पाणी उकळून जात असेपर्यंत तो भाग १०० अंश सेल्सिअसच्या फारसा वर जात नाही. तांबूस रंग मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे भराभर येऊ लागतो. अंडं फोडल्यावर पांढऱ्यातला पातळ, पाण्यासारखा भाग पसरून कडेला जातो. तिथला थर इतका पातळ असतो की त्यातलं पाणी अर्ध्या मिनिटात उडून जातं. कोरड्या झालेल्या त्या जाळीला मग तेलाची पूर्ण उष्णता लागते आणि प्रथिनं व थोडीशी नैसर्गिक साखर यांच्यात तीच प्रक्रिया होते, जिच्यामुळे पाव भाजल्यावर तांबूस होतो. अंड्याचा पांढरा भाग अल्कधर्मी असतो आणि अल्कधर्मी पदार्थात ही प्रक्रिया जास्त वेगाने होते. त्यामुळे सोनेरी कडा काळी पडायला काही सेकंद पुरतात.

आता बलक. तो साधारण ६५ अंशांना दाटू लागतो आणि ७० च्या आसपास आळतो. पांढरा भाग ६२ अंशांच्या सुमारास आळायला लागतो खरा, पण त्यातलं मुख्य प्रथिन घट्ट व्हायला ८० अंशांपर्यंत जावं लागतं. म्हणजे नुसते आकडे पाहिले तर पांढरा पूर्ण घट्ट होण्याआधी बलकच आळायला हवा! तो वाचतो तो त्याच्या जागेमुळे. उष्णता खालून येते, वाटेत ओल्या पांढऱ्याचा जाड थर असतो आणि त्यातून ती सावकाश वर चढते. तेवढ्या वेळात बाकीचं उरकायचं.

अडचण असते ती बलकाला लागून असलेल्या घट्ट, जेलीसारख्या पांढऱ्याची. तो पसरत नाही, बलकाभोवती ढिगासारखा राहतो आणि सगळ्यात शेवटी शिजतो. तुम्हाला कच्चा लागतो तो हाच भाग. आच वाढवून तो शिजत नाही, कारण वाढवलेली आच आधी कडांनाच लागते.

एका अंड्याचं प्रमाण सांगतो. पॅन साधारण २० सेंटिमीटरचा घ्या आणि लहान बर्नरवर ठेवा. मोठ्या बर्नरच्या ज्वाळा पॅनच्या कडेकडे जास्त जातात. तिथे कडा करपतात आणि मधला भाग मागे राहतो. पॅनमध्ये पोह्यांचा दीड चमचा तेल आधीच घाला. नॉनस्टिक पॅन रिकामा तापवू नका, कारण २६० अंशांच्या पुढे त्याचं आवरण खराब होऊ लागतं आणि मोठ्या आचेवर रिकामा पॅन तिथे लवकर पोहोचतो. तेल कमी करण्याचा मोह टाळा, असं मी आवर्जून सांगेन. आळताना पांढरा आकसतो, जागोजागी तव्यापासून सुटतो आणि त्या फटींत तेल नसेल तर तेवढे भाग फिके, रबरी राहतात.

अंडं फ्रिजमधलं असेल तर टरफल कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढल्याबरोबर त्यावर पाणी सुटतं, ते तेलात पडलं की तडतडतं. मग अंडं वाटीत फोडून घ्या. आच मध्यम ठेवा आणि मिनिटभराने चमच्याच्या टोकाने वाटीतल्या पांढऱ्याचा एक थेंब तेलात सोडा. थेंब लगेच पांढरा होऊन भोवती बारीक बुडबुडे आले, तर तेल तयार आहे. तो नुसता पसरून बसला तर अजून थांबा. टाकताक्षणी तांबूस होत असेल किंवा तेलातून धूर दिसत असेल तर गॅस बंद करून अर्धा मिनिट जाऊ द्या.

वाटी तेलाच्या जवळ नेऊन अंडं सोडा. चमच्याच्या कडेने बलकाच्या बाजूचा जाड पांढरा दोन-तीन ठिकाणी हलकेच कापा, बलकाला धक्का लागू देऊ नका. जाड भाग मोकळा होऊन खाली पसरतो आणि बाकीच्यांबरोबर शिजतो. माझ्या मते घरच्या हाफ फ्रायमध्ये सगळ्यात जास्त फरक याच एका कृतीने पडतो.

तीस ते चाळीस सेकंदांत कडेला जाळी पडेल आणि रंग येऊ लागेल. कडा गव्हाळ दिसल्या की आच एकदम मंद करा. हव्या तेवढ्या तांबूस होईपर्यंत थांबलात तर उशीर होतो, कारण तापलेला पॅन आणि तेल पुढेही काम करत राहतात. आता पॅन थोडा तिरका करा आणि साठलेलं गरम तेल चमच्याने बलकाच्या कडेच्या पांढऱ्यावर चार-पाच वेळा घाला, बलकावर नको. चकचकीत, पारदर्शक दिसणारा भाग दुधी झाला की झालं. एकूण दीड ते दोन मिनिटं लागतात. झाकण ठेवलंत तरी पांढरा शिजतो, पण कोंडलेल्या वाफेने बलकावर पांढुरका पडदा येतो आणि कडा मऊ पडतात.

बीडाचा तवा असेल तर आच दहा-पंधरा सेकंद आधी उतरवा, तो उष्णता धरून ठेवतो. गाडीवरचं अंडं चटकन जमतं त्यामागे हाच जाड, कायम तापलेला तवा आणि सढळ तेल असतं. तुमचा पातळ पॅन उलट वागतो. थंड अंडं पडताच तो निवतो, म्हणून अंडं टाकल्यावर लगेच आच कमी करू नका.

पांढरा भाग पॅनभर पाण्यासारखा पसरत असेल तर चूक आचेची नाही, अंडं जुनं आहे. जुन्या अंड्यातला घट्ट पांढरा पातळ होत जातो, बलकाचं आवरणही नाजूक होतं. असं अंडं बुर्जीला वापरा. पांढऱ्याला खालून मोठे फुगे येऊन तो तव्यापासून उचलला जात असेल, तर मात्र तेल जास्त तापलेलं आहे.

गरोदर स्त्रिया, लहान मुलं, वयस्कर किंवा आजारी माणसं यांना वाहता बलक देऊ नका, साल्मोनेलाचा धोका असतो. त्यांच्यासाठी अंडं उलटवून बलक घट्ट होईपर्यंत शिजवा.

उतरवताना कालथ्यावर क्षणभर धरून तेल निथळू द्या आणि मीठ-मिरपूड तेव्हाच घाला. थंड, सपाट ताटलीत ठेवलंत तर खालची वाफ अडकून कडा मिनिटभरात मऊ होतात. भाजलेल्या पावावर ठेवलंत तर कुरकुरीतपणा जरा जास्त टिकतो.