कुंडीच्या भोकातून गांडुळं बाहेर येतात

प्रश्न: पावसात जास्वंदीच्या कुंडीखालून गांडुळं निघतात, परवा गोमही दिसली. मुळं खातात का? मारू का?

उत्तर: मारू नका, दोघंही जिवंत मुळं खात नाहीत. गांडूळ कुजलेला पाला आणि शेणखत खातं. गोम बारीक किड्यांची शिकार करते. मात्र ती चावते आणि ते चांगलंच झोंबतं, म्हणून कुंडीखाली उघडा हात घालू नका.

गांडुळं बाहेर का येतात, हे मात्र बघा. ती कातडीनं श्वास घेतात. माती पाण्यानं गच्च भरली की आत हवा उरत नाही, म्हणून ती भोकाकडे सरकतात. मुळांनाही तीच हवा लागते. माझ्या जास्वंदीची पानं अशीच पिवळी पडली होती. कुंडीत तांब्याभर पाणी ओतलं, तर दहा मिनिटं वरच साचून राहिलं. भोकं गांडुळांच्या बारीक विष्ठेनं आणि मुळांनी बुजली होती. काडीनं ती मोकळी केली, कुंडी दोन विटांवर ठेवली आणि खालची ताटली काढली. बाहेर आलेली गांडुळं बागेतल्या मातीत सोडली.