दोन दिवस खिशात ठेवलेली चिठ्ठी

"माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. सर्दीनंतर तिचा कान दुखतोय, थोडा ताप आहे. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेच नाही, 'दोन दिवस बघू' म्हणाले. असे थांबणे बरोबर आहे का, की दुसऱ्या डॉक्टरकडे न्यावे?"

बरोबर असू शकते, आणि मी हे एका औषध दुकानदाराच्या नात्याने लिहितो आहे. नागपुरात महाल भागात आमचे वडिलोपार्जित मेडिकल आहे. ते मी आणि माझे थोरले बंधू चालवतो. 'बाळाचा कान ठणकतो' असे सांगत आलेल्या आईबापांच्या हातात अँटिबायोटिकची बाटली आणि कानात टाकायचे थेंब चिठ्ठीशिवाय ठेवणे आम्ही अनेक वर्षे केले आहे. ते बेकायदेशीर होते, आणि त्यातले थेंब तर निव्वळ निरुपयोगी होते, कारण सर्दीनंतरचा पू कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूला साचतो आणि शाबूत पडद्यातून थेंब पलीकडे जात नाहीत. हे मला माहीत होते, तरीही मी ते विकत होतो.

डोळे उघडले ते घरच्याच प्रसंगाने. माझी मुलगी तेव्हा तीन वर्षे चार महिन्यांची होती आणि तिचे वजन चौदा किलो होते. डिसेंबरची कडाक्याची थंडी पडली होती आणि पाच दिवसांची सर्दी उतरणीला लागली होती. अशातच बुधवारी रात्री दोन वाजता ती उजव्या कानावर हात दाबून किंचाळत उठली. ताप १००.६ होता. आईने लसणाचे तेल कोमट करायला घेतले, ते मी हाताला धरून थांबवले, कारण पडदा आधीच फुटलेला असेल तर ते तेल थेट मधल्या कानात जाते. मी तिला पॅरासिटॅमॉल दिले. त्याचे प्रमाण वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम, म्हणजे तिच्यासाठी १४० ते २१० मिलीग्रॅम. दुकानात दोन ताकदींची सिरप असतात. पाच मिलीत २५० मिलीग्रॅम असेल तर चार मिली पुरते, पण पाच मिलीत १२० मिलीग्रॅम असेल तर तीच मात्रा साधारण आठ मिलीवर जाते. 'औषध दिले पण कान थांबत नाही' अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांनी पातळ सिरप अर्धा चमचाच पाजलेले असते. तुमच्या मुलीच्या वजनाला १० ते १५ ने गुणा, आणि बाटलीवरचा आकडा वाचून तेवढे मिलीग्रॅम किती मिलीत बसतात ते पाहा. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तास जाऊ द्यायचे. आयब्युप्रोफेनही चालते, पण डेंग्यूची साथ असताना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तीनच्या सुमारास ती झोपली.

सकाळी आमच्या बालरोगतज्ज्ञांनी आधी बाहेरचा मळ काढला आणि मग ऑटोस्कोप लावून दोन्ही कान पाहिले. उजवा पडदा फुगून पिवळसर झाला होता, डावा स्वच्छ होता. ही पाहणी फार महत्त्वाची आहे. रडणाऱ्या मुलाचा पडदा नुसत्या रडण्यानेही लाल दिसतो, त्यामुळे लाली म्हणजे संसर्ग नव्हे. फुगवटा दिसला तरच आत दाब आहे असे म्हणता येते. सर्दीने नाक आणि मधला कान जोडणारी नळी सुजते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असल्याने नाकातले जंतू वर चढतात आणि निचरा अडकतो. डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनची चिठ्ठी लिहिली, पण तिच्यावर लाल शाईने लिहिले : 'शनिवार सकाळपर्यंत फरक नसेल तर, किंवा मध्ये बिघडले तर, सुरू करावे.' मी औषधाचा दुकानदार, आणि ती चिठ्ठी मी घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

त्यांचे कारण साधे होते. वय दोन वर्षांपेक्षा जास्त, एकच कान, ताप १०२.२ फॅरनहाइटच्या खाली, दुखणे सुरू होऊन पुरता दिवसही झालेला नव्हता, ते पॅरासिटॅमॉलने आटोक्यात येत होते, आणि कानातून पू येत नव्हता. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०१३च्या मार्गदर्शिकेत अशा मुलांत दोन-तीन दिवस लक्ष ठेवून थांबण्याचा पर्याय दिलेला आहे. अट एकच, की न सुधारल्यास औषध सुरू करण्याची सोय हाताशी असावी. 'थांबा' याचा अर्थ 'जा आणि विसरा' असा नाही. तुमच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी काय करायचे हे सांगितले नसेल, तर तेवढे फोन करून विचारा.

शुक्रवारी रात्री एकला तिला पुन्हा कळ आली, आणि वरच्या मजल्यावरून दादा खाली आले. त्यांच्या हातात अमॉक्सिक्लॅव या अँटिबायोटिकची पावडर असलेली नवी बाटली होती. "काऊन रडवून रायला बे पोरीला? खाली आख्खं कपाट भरलं आहे, अन् तू चिठ्ठी खिशात घेऊन बसला!" मी बाटली त्यांच्या हातून घेतली, पण उघडली नाही. पॅरासिटॅमॉलची मात्रा झाल्याला सात तास उलटले होते, म्हणून दुसरी दिली. अर्ध्या तासात ती शांत झाली. शनिवारी सकाळी ताप नव्हता, तिने दूधपोळी खाल्ली आणि कानाला हात लावला नाही. मी चिठ्ठी खिशातून काढून दुकानाच्या गल्ल्यात टाकली.

त्या रात्रीवरून आमच्या घरात आजही वाद आहे. दिवाळीला माणसे जमली की दादा 'पोरीला दोन रात्री रडवलं' ही कथा सांगतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. त्यांचा सगळा युक्तिवाद गल्ल्यावर बसून आलेल्या अनुभवाचा आहे : 'संध्याकाळी बाटली दिली, सकाळी मूल खेळत होते, असे हजारदा पाहिले.' ते पाहणे खरे आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. अँटिबायोटिक आणि नुसते साखरपाणी असे दोन गट करून झालेल्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आहेत. त्यांत पहिल्या चोवीस तासांत दोन्ही गटांतली साधारण ६० टक्के मुले बरी झाली, आणि त्या पहिल्या दिवशी औषधाने वेदनेत फरक पडला नाही. फरक दिसतो तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तोही असा की सुमारे वीस मुलांना औषध द्यावे तेव्हा एका मुलाचे जास्तीचे दुखणे वाचते. उलट सुमारे चौदा मुलांमागे एकाला उलटी, जुलाब किंवा पुरळ येते. म्हणजे दादांनी शुक्रवारी रात्री बाटली उघडली असती, तरी त्या रात्रीची कळ थांबली असती ती पॅरासिटॅमॉलनेच, आणि श्रेय मात्र बाटलीला मिळाले असते.

दुसरी गोष्ट मात्रेची. आमच्याकडून चिठ्ठीशिवाय जाणारी बाटली बहुधा 'सकाळ-संध्याकाळ एक चमचा' अशी जात असे, म्हणजे चमच्याला २५० मिलीग्रॅम धरून दिवसाला ५०० मिलीग्रॅम. चौदा किलोच्या मुलाला हे किलोमागे ३६ मिलीग्रॅमच्या आसपास पडते. अमेरिकन अकादमीच्या त्याच मार्गदर्शिकेत या आजारासाठी अमॉक्सिसिलिन दिवसाला किलोमागे ८० ते ९० मिलीग्रॅम सांगितलेले आहे. अर्ध्याहून कमी मात्रा, तीही दोन दिवसांत बंद, ही मदत नव्हे. जिवंत राहिलेले जंतू त्यातून अधिक चिवट होतात.

दादांचा तिसरा मुद्दा मला जास्त लागतो. तीन आठवड्यांनी फेरतपासणीत पडद्यामागे पाणी दिसले, आणि मुलगी टीव्हीचा आवाज वाढवत होती हे आमच्या लक्षात आले. 'औषध दिले नाही म्हणून पाणी राहिले', असे ते लगेच म्हणाले. हे पाणी औषध घेतलेल्या मुलांतही राहते. अनेकांत ते महिनाभर टिकते, आणि बहुतेकांत तीन महिन्यांत आपोआप ओसरते. आमच्या मुलीचे अडीच महिन्यांनी ओसरले. तीन महिन्यांपलीकडे राहिले असते तर श्रवणचाचणी करायला सांगितले होते. त्यासाठी पुन्हा अँटिबायोटिकची बाटली लागत नाही.

आणि हो, दादा दरवर्षी आणखी एक दाखला देतात, की पुढल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या मुलाचे कान दुखले तेव्हा मी पहिल्याच दिवशी औषध सुरू केले. केले. तो चौदा महिन्यांचा होता आणि दोन्ही पडदे फुगलेले होते. दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान बाधित असतील तर थांबायचे नसते, आणि दहा दिवसांचा पूर्ण कोर्स द्यायचा असतो. सहा महिन्यांखालच्या बाळाबाबत तर थांबण्याचा प्रश्नच येत नाही. त्याच डॉक्टरांनी एका मुलाला थांबवले आणि दुसऱ्याला लगेच औषध दिले, यात विसंगती नाही. दोन वेगळ्या कानांना त्यांनी दोन वेगळी उत्तरे दिली.

आता सावधगिरीचे, जे मी खरे तर आधीच सांगायला हवे होते. मी डॉक्टर नाही. १०२.२ च्या वर ताप, दुखणे आटोक्यात न येणे किंवा ४८ तासांहून लांबणे, कानातून पू वाहणे, यांपैकी काहीही झाले तर वाट पाहणे तिथेच संपले. पडदा फुटून पू बाहेर आला की कळ अचानक थांबते आणि घरच्यांना मूल बरे झाले असे वाटते, म्हणून उशीवरचा पिवळा डाग नजरेतून सोडू नका. कानामागचे हाड सुजले किंवा लाल झाले, कान पुढे ढकललेला दिसू लागला, मूल मलूल किंवा गुंगलेले वाटले, मान ताठ झाली, तोंड वाकडे झाले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. टाळू फाटलेले, डाउन सिंड्रोम असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले, किंवा गेल्याच महिन्यात असाच कान दुखलेला असलेले मूल या सवलतीत बसत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहिलेली नाही, आणि उत्तर तिच्यावरच अडते. डॉक्टरांनी ऑटोस्कोप लावून पडदा पाहिला का, आणि एक कान बाधित आहे की दोन, हे सांगितले का? पाहिला असेल, एकच कान असेल आणि ताप थोडा असेल, तर दुसऱ्या डॉक्टरची गरज नाही. पॅरासिटॅमॉल वजनाप्रमाणे द्या आणि ४८ तास मोजा. पण बाहेरून टॉर्च मारून 'बघू' म्हटले असेल, तर त्यांनी कानात पाहिलेच नाही. तेव्हा मात्र आजच दुसरीकडे न्या.