माहेजी ते जळगाव

प्रिय बेटा,

तुझा मेसेज तीनदा वाचला. जूनपासून तुम्ही दोघं एकाच अभ्यासिकेत शेजारी बसता, दुपारचा डबा वाटून खाता, रात्री उशिरापर्यंत बोलता, आणि आता तुला ती मैत्रिणीपेक्षा जास्त आवडायला लागली आहे. मित्र म्हणतात, "सांगी टाक, जे व्हई ते व्हई." तू विचारतोस, ती नाही म्हणाली तर मैत्रीचं काय?

आधी माझं ऐक. १९९६ साली मी पाचोऱ्याहून जळगावला रोज अप-डाऊन करायचे. आमच्या डब्यात एक मुलगा होता, माझ्याच वयाचा. तो रुमाल टाकून माझी जागा धरायचा, मी त्याच्यासाठी घरून भाजलेले शेंगदाणे आणायचे. जवळजवळ वर्षभर असं चाललं. एके दिवशी माहेजी सुटल्यावर तो दारापाशी आला आणि म्हणाला, "मला तू आवडतेस. आज हो की नाही सांग." त्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण अर्धं तुटलेलं होतं. मी त्या बटणाकडेच बघत राहिले, कारण डोळ्यांत बघायची हिंमत नव्हती. पुढे म्हसावद, शिरसोली आणि मग जळगाव. तोवर मला कुठे जाता येत नव्हतं, आणि मागे बसलेले चार जण ऐकत होते. मी नाही म्हणाले.

त्याने विचारलं म्हणून काही बिघडलं नाही, हे तुला नीट सांगायचं आहे. विचारल्याचा मला राग नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने तोंड फिरवलं, आठवडाभरात दोघा मित्रांना सांगितलं, आणि मग मी चढले की डबा गप्प व्हायचा. मी बायकांच्या डब्यात जायला लागले, पुढे एसटीने. तो माझा चांगला मित्र होता. त्याच्याशी बोलणं तुटल्याचं मला आजही वाईट वाटतं. त्याने माझ्या नकाराला दोन गोष्टी जोडल्या, अडकलेली जागा आणि नंतरची शिक्षा. तुला या दोन्ही टाळायच्या आहेत.

आधी जागेचं. तू तिला गाडीवर घरी सोडत असशील तर त्या वाटेवर विचारू नकोस, कारण घर येईपर्यंत ती तुझ्या मागे बसलेली असेल. या थंडीत तुमचा ग्रुप कुणाच्या तरी शेतात भरीत पार्टीला जाईलच. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली जात असतात, कुणी बडगीत ठेचत असतं, सगळ्यांचा मूड छान असतो, आणि नेमकं तिथेच बोलावंसं वाटतं. तिथे मुळीच नको. एकाच गाडीतून दहा जण आलेले असतात, तिला परत जायला वेगळी वाट नसते. त्यापेक्षा मेहरूण तलावावर संध्याकाळी, लोक फिरायला येतात त्या वेळी, ती तिच्या स्कूटीवर आणि तू तुझ्या गाडीवर. शनिवार बरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तुमची गाठ पडणार नाही. आणि तिची परीक्षा महिन्याच्या आत असेल तर परीक्षा होईपर्यंत थांब.

आता शब्दांचं. सात महिने मनात काय काय चाललं होतं ते सगळं सांगायचा मोह होईल. ते सांगू नकोस. त्या ओझ्यानंतर नाही म्हणणं म्हणजे तुझे सात महिने मोडणं, असं तिला वाटेल. लग्नाचंही काढू नकोस. एवढंच म्हण: "मला तू मैत्रिणीपेक्षा जास्त आवडायला लागली आहेस. तुला तसं कधी वाटलं का? वाटलं नसेल तर तसं सांग, मी परत हा विषय काढणार नाही. आत्ताच उत्तर देऊ नकोस, सावकाश मेसेज कर." मग खरंच विषय बदल, पाच-दहा मिनिटं थांब आणि तूच आधी निघ.

"पण आपली मैत्री तुटायला नको हं," हे वाक्य तेवढं टाळ. ऐकायला चांगलं वाटतं, पण तू तिच्याकडून हमी मागतो आहेस. तिला धड विचारही करता येत नाही, आधी तुझी समजूत काढावी लागते.

तू लिहून विचारायचं म्हणतोस. लिहून तिला वेळ मिळतो हे खरं, पण तिने मैत्रिणीला नुसतं दाखवलं तरी स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत अभ्यासिकाभर फिरू शकतो, आणि तू निळ्या टिक्स मोजत बसशील. माझं मत, विचारायचं समोर, उत्तर मात्र तिने लिहून दिलं तरी चालेल.

उत्तर ओळखण्यात पोरं हमखास चुकतात. आपल्याकडच्या मुली ओळखीतल्या माणसाला तोंडावर "नाही" क्वचित म्हणतात. "बघू", "आत्ता अभ्यास आहे", "घरी चालणार नाही", "तू खूप चांगला आहेस रे", हे सगळं नाहीच धर. आठवडाभर उत्तर आलं नाही तर तेही नाही. घरचं कारण सांगितलं तर जातपात, आईवडील यांवर वाद घालून तिचं मन वळवायला जाऊ नकोस. कारण खरं असो की नसो, तिने ते तुला जपून नकार देण्यासाठी निवडलं आहे. कारण विचारूही नकोस. पुढे कधी तिला वेगळं वाटलं तर तुझं मन तिला माहीत आहेच, ती बोलेल.

नकार आला की तुझं पहिलं वाक्य, "बरं झालं सांगितलंस." त्यानंतरचे पंधरा दिवस अवघड. सोमवारी तुझ्या नेहमीच्या जागी बस. जागा बदललीस तर ती स्वतःला दोष देईल. चहाला आधी जसा सगळ्यांना विचारायचास तसंच विचार. रात्रीचे लांबलचक मेसेज मात्र थांबव, आणि पुन्हा सुरू करायचे की नाही ते तिच्यावर सोड. सामान्य विज्ञानाच्या नोट्स देणार होतास ना, त्या दे, म्हणजे आधीची मदत कशासाठी होती हा प्रश्न तिला पडणार नाही. फारच दुखलं तर गायब होऊ नकोस, एक ओळ पाठव: "मला थोडे दिवस लागतील, रागावलेलो नाही." आणि तिलाच अंतर हवं असेल तर तेही मान्य कर. एवढं सगळं करूनही मैत्री पहिल्यासारखी राहीलच, असं वचन मी तुला देऊ शकत नाही.

जायच्या आधी एका गोष्टीचं उत्तर स्वतःला दे. ती नाही म्हणाली आणि मार्चमध्ये दुसऱ्या कुणाबरोबर दिसली, तर तू तिच्या शेजारी बसून डबा खाऊ शकशील का? नाही, असं वाटत असेल तर अजून थोडं थांब.

अप-डाऊनच्या त्या मित्राने मला मेहरूणला नेऊन विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते. पण सोमवारी त्याच्यासाठी शेंगदाणे घेऊन आले असते.

ती काय म्हणाली हे मित्रांना सांगू नकोस, मलाही कळवू नकोस.

तुझी,
ताई