अण्णांनी चार दिवस का सांगितलं नाही

"अण्णांच्या खात्यातून ३८ हजार गेले. आता त्यांचं एटीएम, पासबुक, फोनमधलं पेमेंट सगळं माझ्याकडे घेऊ का? घेतलं तर ते दुखावतात, नाही घेतलं तर मला पुण्यात झोप लागत नाही."

सल्ला घ्यायला आलेल्या मुलाचा हा प्रश्न ऐकल्यावर मी आधी अण्णांशी एकटीच बोलले. उदगीरकडचे निवृत्त शिक्षक, वय ७४. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एक फाईल आली होती, नावाच्या शेवटी .apk होतं, म्हणजे ती पत्रिका नव्हे तर फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल होती. त्यांनी ती उघडली, फोनने विचारलेल्या परवानग्या दिल्या आणि ओटीपीचे मेसेज परस्पर दुसरीकडे जाऊ लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे गेल्याचं त्यांना कळलं. घरी मात्र त्यानंतर चार दिवसांनी समजलं.

"सांगितलं का नाही लगेच?" मी विचारलं.

"फोन काढून घेतील म्हनून. पोरगं आधीच म्हनत होतं, तुम्हाला जमत न्हाई."

मला या प्रकरणातली खरी गोष्ट इथे सापडली. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. तिथे लगेच फोन गेला, तर पैसे ज्या खात्यात गेलेत तिथेच ते रोखून धरता येण्याची शक्यता असते. तास जातात तसे ते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकतात आणि शेवटी कोणीतरी रोख काढून घेतं. अण्णांचे चार दिवस लाजेत आणि भीतीत गेले. मुलाने आता सगळंच ताब्यात घेतलं असतं, तर पुढच्या वेळी त्यांनी महिनाभर सांगितलं नसतं. म्हणून मी मुलाला म्हटलं, कुंपण पैशाला घालू, अण्णांना नको.

पुढच्या वेळी तिघे आले, अण्णांच्या पत्नी माईसुद्धा. कागदावर मांडलं तेव्हा पेन्शन, बचत आणि १४ लाखांच्या ठेवी एकाच बँकेत, एकाच मोबाइल नंबरवर होत्या, आणि तो नंबर त्याच स्मार्टफोनमध्ये. फोन गेला की सगळंच उघडं. यूपीआय सिमच्या नंबरवरून खातं ओळखतं. म्हणून पेन्शनच्या खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदलून घेतला आणि त्या नव्या नंबरचं सिम माईंच्या बटणांच्या फोनमध्ये टाकलं. मेसेज तिथे येतात, पण स्मार्टफोनवरच्या यूपीआयला ते खातं सापडत नाही. त्या खात्याचं मोबाइल बँकिंगही शाखेत अर्ज देऊन बंद केलं, कारण ठेव मोबाइलवरूनही मोडता येते.

स्मार्टफोनसाठी दुसऱ्या बँकेत लहान खातं काढलं. त्याच बँकेत काढून भागत नाही. तिथे ग्राहक क्रमांक एकच असतो आणि मोबाइल नंबरही बहुतेक तोच राहतो. दर महिन्याला अण्णा स्वतः पासबुक छापायला जातात, स्लिप भरून १० हजार त्या खात्यात पाठवतात आणि किराणा, औषधं, रिचार्ज यासाठी फोनवरून खर्च करतात. पुन्हा चूक झाली तरी जाईल ते तेवढ्यातलं.

मुलाला ठेवींवर स्वतःचं नाव लावायचं होतं. मी नको म्हटलं. नॉमिनी तो होताच. अण्णांना मात्र वाटत होतं की नॉमिनी लावला म्हणजे पैसा हातून गेला. हयातीत नॉमिनीला एक रुपयाही काढता येत नाही, हे त्यांना फॉर्म समोर ठेवूनच पटलं. ठेवींवर माईंचं नाव जोडलं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या अटीवर. मुदत संपल्यावर एकाची सही पुरते, पण मुदतीआधी मोडायची तर दोघांनाही सह्या कराव्या लागतात. कुणी फोनवर घाबरवून ठेव मोडायला लावलं, तरी आता माईंना विचारावं लागणार. माईंनी ४५ वर्षांच्या संसारात बँकेच्या कागदावर पहिल्यांदा सही केली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता, पण नाव पूर्ण लिहिलं.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. अण्णांनी एका पतसंस्थेत ३ लाख ठेवल्याचं तेव्हाच बाहेर आलं. व्याज जास्त आणि पैसे न्यायला भाचा दारात येतो. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतही. पतसंस्थेला तो नाही. मुलगा म्हणाला, उद्याच काढा. अण्णांनी मुदत संपेपर्यंत थांबायचं ठरवलं. मी धोका स्पष्ट सांगितला आणि गप्प राहिले, कारण पैसे त्यांचे आहेत.

शेवटी मुलाकडून एक शब्द घेतला. अण्णांचा फोन आला की आधी "१९३० लावा, मी बँकेशी बोलतो" एवढंच म्हणायचं; "कसं काय केलंत" हे त्या दिवशी विचारायचं नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा एक फाईल आली, या वेळी वीजबिलाच्या नावाने. अण्णांनी ती उघडली नाही. दहा मिनिटांत त्यांचा मुलाला फोन गेला, "बघ रे, हे काय आलंय."