सीटी अँजिओग्राफी आधी, की थेट कॅथ लॅब?

प्रश्न: बाबांचं वय ५८, डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. चार-पाच महिन्यांपासून दोन मजले चढले की छातीत दाब येतो, थांबलं की तीन-चार मिनिटांत जातो. ईसीजी, टू-डी इको नॉर्मल, क्रिएटिनिन १.१. एक डॉक्टर म्हणतात थेट अँजिओग्राफी करून टाका, दुसरे म्हणतात आधी सीटी. नेमकं काय करावं?

उत्तर:

तुम्ही लिहिलंय त्यावरून आधी सीटी. पण अट अशी की दुखण्याची चाल बदललेली नसावी. बसल्या जागी दुखायला लागलं, आधी दोन मजल्यांवर यायचं ते आता दहा पायऱ्यांवर येतंय, रात्री झोपेतून जाग येते, किंवा घाम येऊन पंधरा-वीस मिनिटं दाब जातच नाही, असं काही असेल तर सीटीची अपॉइंटमेंट घेत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट इमर्जन्सीत न्या. तिथे आधी ईसीजी आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी होईल. ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसला तर शीर त्या क्षणी बंद आहे आणि मिनिटामिनिटाला स्नायू मरतोय, तेव्हा सीटीत वेळ घालवणं चूकच. ट्रोपोनिन वाढलेलं असेल तरी बहुतेक वेळा कॅथ लॅबचाच, म्हणजे शिरेत नळी घालून करायच्या नेहमीच्या अँजिओग्राफीचाच, रस्ता असतो. पुढचं सगळं स्थिर दुखण्याबद्दल आहे.

बाबांची लक्षणं अगदी पुस्तकातली आहेत: श्रमाने येतं, विश्रांतीने जातं. तरीही युरोपियन हृदयरोग सोसायटीच्या २०१९ च्या तक्त्यात ५० ते ५९ वयाच्या, अशीच लक्षणं असलेल्या पुरुषात मोठं ब्लॉकेज सापडण्याची शक्यता ३२ टक्के दिली आहे. डायबेटिसमुळे बाबांची त्याहून जास्त धरा. पण खात्री म्हणावी इतकी ती नाही, आणि सीटीचा सर्वात जास्त उपयोग याच मधल्या पट्ट्यात होतो.

नेमकी हीच तुलना करणारा डिस्चार्ज नावाचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातल्या २६ केंद्रांतले ३,५६१ रुग्ण, सगळे स्थिर छातीदुखीसाठी नेहमीच्या अँजिओग्राफीला पाठवलेले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं त्यांना दोन गटांत वाटलं: अर्ध्यांची सीटी, अर्ध्यांची थेट अँजिओग्राफी. मोठं ब्लॉकेज निघालं साधारण चौघांत एकाला. म्हणजे बाकी तिघांच्या शिरेत नळी घालून काहीच उपचार करायचा नव्हता. साडेतीन वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेले सीटी गटात २.१ टक्के आणि अँजिओग्राफी गटात ३ टक्के. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून सीटीने जीव जास्त वाचतात असं कुणी सांगितलं तर मानू नका. प्रक्रियेमुळे झालेल्या मोठ्या गुंतागुंतींत मात्र फरक ठळक होता: ०.५ टक्के विरुद्ध १.९ टक्के. सीटी गटातल्या ज्यांना नंतर कॅथ लॅबमध्ये जावं लागलं, त्यांचाही यात हिशेब आहे. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे.

आता सीटी कुठे कमी पडते ते पाहा, कारण सेंटर निवडताना आणि रिपोर्ट वाचताना तेच उपयोगी पडतं. सीटीला सर्वात बारीक दिसतं ते साधारण अर्धा मिलिमीटर. समजा ३ मिलिमीटरच्या शिरेत ५० टक्के ब्लॉकेज आहे, म्हणजे रस्ता उरलाय १.५ मिलिमीटर. मोजणाऱ्याची चूक अर्ध्या मिलिमीटरची झाली, तर तेच ब्लॉकेज कधी ३३ टक्के भरेल, कधी ६७ टक्के. म्हणून ‘६० टक्के ब्लॉकेज’ असं रिपोर्टमध्ये आलं की तो आकडा मोजपट्टीने मोजलेला समजू नका. त्यात भिंतीत कॅल्शियम असेल तर ते सीटीत आहे त्यापेक्षा फुगून दिसतं आणि रस्ता खरा आहे त्याहून अरुंद वाटतो. शिरा चित्रात उठून दिसाव्यात म्हणून डाय देतात; ती देण्याआधी साधा स्कॅन करून कॅल्शियम स्कोअर काढतात तो यासाठीही. स्कोअर ४०० च्या वर गेला की वाचन अवघड होऊ लागतं, आणि हजाराच्या पुढे असेल तर डाय देऊन पुढे जायचं का, हे रेडिओलॉजिस्टने थांबून ठरवायला हवं.

दुसरी अडचण हृदयाच्या गतीची. ठोके मिनिटाला ६० असतील तर दोन ठोक्यांच्या मधे हृदय क्षणभर जवळजवळ स्थिर असतं आणि मशीन तेवढ्यात चित्र घेतं. ठोके ८० झाले की हा विसाव्याचा काळच उरत नाही. उजवी शीर सर्वात जास्त हलते, त्यामुळे आधी ती फरकटलेली किंवा दुहेरी दिसते. म्हणून तासभर आधी मेटोप्रोलॉलची ५० किंवा १०० मिलिग्रॅमची गोळी देतात. दमा असेल तर हे आधीच सांगा, मग दुसरं औषध वापरतात. शिरा रुंदावण्यासाठी स्कॅनच्या आधी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. लैंगिक समस्येसाठी घेतात ते सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतलं असेल तर नायट्रोग्लिसरीनने रक्तदाब धोकादायक उतरू शकतो. घरच्यांसमोर ही गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून बाबांना टेक्निशियनशी एकट्याने बोलू द्या.

त्या दिवशी सकाळपासून चहा-कॉफी नको. उजव्या कोपराच्या खोबणीत जाड, १८ नंबरची सुई लावतात, कारण ६० ते ८० मिलिलिटर डाय सेकंदाला ५ मिलिलिटरच्या वेगाने जाते. डाय जाताना अंगभर गरम लाट येते आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस दचकतो, श्वास सुटतो आणि नेमकं तेच चित्र बिघडतं. श्वास पाच ते दहा सेकंदच रोखायचा असतो, घरी दोन-चार वेळा सराव करून घ्या. मेटफॉर्मिन चालू असेल तर सेंटरला विचारा. किडनी ठीक असेल तर सहसा बंद करावी लागत नाही, पण काही ठिकाणी ४८ तास थांबवतात.

रिपोर्टच्या शेवटी ब्लॉकेज किती ते सांगणारा कॅड-रॅड्स असा ग्रेड असतो. ० आला तर मोठ्या शिरा स्वच्छ, कॅथ लॅबचा विषय संपला. १ किंवा २ म्हणजे ब्लॉकेज ५० टक्क्यांच्या आत. इथेही नळी घालायची गरज नाही, पण हा निकाल ‘नॉर्मल’ म्हणून फाईलमध्ये टाकू नका. नेहमीची अँजिओग्राफी फक्त रस्ता दाखवते, सीटी भिंतीतली चरबीही दाखवते, आणि ती दिसली की कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन नेटाने घ्यायचं कारण मिळतं. स्कॉटलंडमधल्या ४,१४६ रुग्णांच्या स्कॉट-हार्ट अभ्यासात नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड दिली, तेव्हा पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक ३.९ वरून २.३ टक्क्यांवर आले. याचं श्रेय बहुतांशी निकालानंतर सुरू झालेल्या औषधांना दिलं जातं.

३ म्हणजे ५० ते ६९ टक्के, आणि गोंधळ इथेच होतो. इतक्या ब्लॉकेजने रक्त कमी पडतंय की नाही हे चित्रावरून कळत नाही. तेव्हा स्ट्रेस इको, थॅलियम स्कॅन किंवा कॅथ लॅबमधली दाब मोजणारी तार यांपैकी एक हवं. ४ए म्हणजे एक-दोन शिरांत ७० टक्के किंवा जास्त; तो आला तरी आधी औषधं नीट देऊन पाहायला वेळ असतो. इस्केमिया या २०२० च्या अभ्यासात ५,१७९ स्थिर रुग्णांत लगेच अँजिओग्राफी-स्टेंट-बायपास केल्याने मृत्यू किंवा अटॅक कमी झाले नाहीत. वारंवार दुखणाऱ्यांचं दुखणं मात्र जास्त कमी झालं, आणि तेही खरं कारण आहे. ४बी मात्र वेगळा: डाव्या मुख्य शिरेत ५० टक्के किंवा जास्त, नाहीतर तिन्ही शिरांत ७० टक्क्यांच्या वर. तिथे औषधांवर वाट पाहू नका, कॅथ लॅबची तारीख लवकर घ्या.

सीटी टाळून थेट अँजिओग्राफी कुणाची करावी? दोन औषधं पूर्ण मात्रेत घेऊनही थोड्या चालण्याने दुखतंय, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग घटलंय, ठोके अनियमित आहेत आणि आवरत नाहीत, आधीचे ३ मिलिमीटरहून बारीक स्टेंट आहेत, किंवा कॅल्शियम प्रचंड आहे असं आधीच माहीत आहे. अशांना सीटीचं उत्तर धूसर येतं, मग कॅथ लॅब टळत नाहीच आणि डाय दोनदा जाते. किडनी बिघडलेली असेल तर डाय दोन्हींत आहे, तिथे आधी डायशिवायची स्ट्रेस तपासणी विचारा.

बाबांना पुढे कॅथ लॅबमध्ये जावं लागलंच, तर मनगटातून करतात का हे विचारा. जांघेपेक्षा रक्तस्राव कमी होतो आणि त्याच दिवशी उठून बसता येतं. तिथला मोठा फायदा असा की शंकेच्या ब्लॉकेजपलीकडे तार घालून दाब मोजता येतो. पलीकडचा दाब अलीकडच्या ०.८० पट किंवा कमी असेल तर ते ब्लॉकेज रक्त अडवतंय, ०.८८ आला तर चित्र कितीही वाईट दिसो, स्टेंट नको.

आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी हे बोलून घ्या: ‘फक्त तपासणी, की ब्लॉकेज दिसलं तर लगेच स्टेंट?’ टेबलावर बाबा गुंगीत, तुम्ही बाहेर, आणि आतून कुणीतरी येऊन दहा मिनिटांत निर्णय मागतं, असं बऱ्याच ठिकाणी होतं. डायबेटिस असलेल्यांत हे फार महागात पडू शकतं. २०१२ च्या फ्रीडम अभ्यासात १,९०० मधुमेही रुग्ण होते, सगळ्यांच्या एकाहून जास्त शिरांत मोठं ब्लॉकेज होतं. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के आणि बायपासवाल्यांत १८.७ टक्के झाले. म्हणून आधीच सांगून ठेवा: एकाच शिरेत स्पष्ट ब्लॉकेज असेल तर करा, पण दोन-तीन शिरा किंवा डावी मुख्य शीर निघाली तर नळी काढा, सीडी द्या, सर्जनशी बोलून ठरवू. स्थिर रुग्णात या दोन-चार दिवसांनी सहसा काही बिघडत नाही.

सीटी स्वच्छ आली आणि तरी जिन्यावर दुखतच राहिलं, तर ‘मनाचं आहे’ म्हणून सोडू नका. बारीक शिरांचा आजार आणि शीर मधेच आवळणं या गोष्टी सीटी किंवा अँजिओग्राफी, कुठल्याच चित्रात सहसा दिसत नाहीत. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांकडे परत जा. दुखणं किती मजल्यांवर येतं, किती मिनिटं टिकतं, थंडीत किंवा जेवणानंतर वाढतं का, हे पंधरा दिवस वहीत लिहून सोबत न्या.