सकाळची बॅच 81 टक्के, संध्याकाळची 67 टक्के: फरक खरा की योगायोग?

प्रश्न: लातूरला आमचा बारावीचा गणिताचा क्लास आहे. सराव परीक्षेत सकाळच्या बॅचचे 48 पैकी 39 पास झाले, संध्याकाळच्या बॅचचे 42 पैकी 28. म्हणजे 81 टक्के आणि 67 टक्के. संचालक म्हणतात, संध्याकाळचे शिक्षक बदला. एवढ्या आकड्यांवरून तसं करावं का?

उत्तर: नाही, एवढ्यावरून नाही. 14 टक्क्यांचं अंतर डोळ्यांत भरतं, पण 42 मुलांच्या बॅचमध्ये एक मूल म्हणजेच जवळपास अडीच टक्के. त्या दिवशी पाच-सहा मुलांचे पेपर थोडे बरे गेले असते, तर हे अंतर मिटलंच असतं.

दोन प्रमाणांच्या चाचणीत आधी धरून चालायचं की दोन्ही बॅचचा खरा दर सारखाच आहे. मग तो दर सगळ्यांचा मिळून काढायचा: 90 पैकी 67 पास, म्हणजे 0.744. आता पाहायचं, की खरा दर एवढाच असताना 48 आणि 42 मुलांच्या बॅचमध्ये निव्वळ योगायोगाने अंतर किती हलतं. त्या हलण्याचं माप म्हणजे स्टँडर्ड एरर. एक्सेलमध्ये पास झालेल्यांची संख्या B2 आणि B3 मध्ये, परीक्षेला बसलेल्यांची C2 आणि C3 मध्ये टाका, आणि E2 पासून खाली एकेक सूत्र लिहा:

```
=SUM(B2:B3)/SUM(C2:C3)
=SQRT(E2*(1-E2)*(1/C2+1/C3))
=(B2/C2-B3/C3)/E3
=2*(1-NORM.S.DIST(ABS(E4),TRUE))
```

स्टँडर्ड एरर 0.092 येतो. तुमचं अंतर 0.146, ते स्टँडर्ड एररने भागलं की झेड 1.58, आणि त्यावरून पी-व्हॅल्यू 0.11. दोन्ही बॅच खरोखर सारख्या असत्या, तरी एवढं किंवा याहून मोठं अंतर नऊ वेळांत साधारण एकदा दिसलंच असतं. तेवढ्यावर कुणाची नोकरी घालवणं मला पटत नाही.

पण याचा अर्थ 'दोन्ही बॅच सारख्याच' असाही काढू नका. लोक इथेच जास्त घसरतात. खरं अंतर कुठून कुठपर्यंत असू शकतं ते दाखवणारा 95 टक्क्यांचा पट्टा काढला, तर तो सकाळची बॅच 3 टक्क्यांनी मागे इथपासून 33 टक्क्यांनी पुढे इथपर्यंत पसरतो. तुमच्या माहितीला अजून काहीच ठरवता येत नाहीये, एवढंच त्यातून कळतं. हेच टक्के 192 आणि 168 मुलांवर आले असते, तर झेड 3.16 झाला असता आणि शंका उरली नसती. एवढं अंतर पकडायची बऱ्यापैकी खात्री हवी असेल, तर प्रत्येक बॅचला 140 च्या आसपास मुलं लागतात. त्यासाठी दोन-तीन वर्षांचे निकाल एकत्र करता येतील, पण पेपर आणि शिकवणं त्या काळात बदललेलं नसावं.

कुणी एक्सेलऐवजी आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर वापरत असेल, तर `prop.test(c(39,28), c(48,42))` लिहिल्यावर पी 0.18 येईल आणि एक्सेलशी जुळणार नाही. चूक कुणाचीच नाही. आर स्वतःहून येट्सची दुरुस्ती लावतो, आणि तिच्यामुळे पी थोडा वाढतो. `correct=FALSE` दिलंत की 0.11 मिळतो. आणखी एक पळवाट लोक शोधतात: निकाल पाहिल्यावर 'सकाळचीच बॅच चांगली' असं धरून एकतर्फी चाचणी करायची. पी निम्मा होऊन 0.057 वर येतो. ही चाचणी नाही, सोयीने लावलेला हिशेब आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं: छेद तपासा. 48 आणि 42 ही परीक्षेला बसलेली मुलं आहेत की नाव नोंदवलेली? समजा सकाळी 55 नोंदलेले होते आणि 7 कच्ची मुलं आलीच नाहीत, तर नोंदणीवर दर 39/55, म्हणजे 71 टक्के. संध्याकाळी 43 पैकी एकच गैरहजर असेल, तर 65 टक्के. चौदाचं अंतर सहावर येतं, आणि चाचणीला हात लावायच्या आधीच. गैरहजरांना कसं मोजायचं ते निकाल पाहण्याआधी ठरवा आणि दोन्ही बॅचला तोच नियम लावा.

अंतर पक्कं ठरलं, तरी कारण शिक्षकच, हे ही चाचणी सांगत नाही. संध्याकाळच्या बॅचला औसा-रेणापूरहून अप-डाउन करणारी, शेवटची एसटी गाठायला तास अर्धवट सोडून उठणारी मुलं जास्त असतील, तर शिक्षक बदलून काय होणार? त्यांचे दहावीचे गणिताचे गुण आधी शेजारी मांडून पाहा.

बॅच लहान असेल, समजा 15-20 मुलांची, तर वरचं सूत्र वापरू नका. एकूण दराने प्रत्येक बॅचमध्ये किती पास आणि किती नापास अपेक्षित होते ते काढा. एखादा आकडा 5 च्या खाली आला की फिशरची चाचणी, म्हणजे आरमधलं `fisher.test` घ्या. तुमच्या बाबतीत सगळ्यात लहान अपेक्षित आकडा संध्याकाळच्या नापासांचा, 10.7, म्हणून इथे अडचण नाही. आणि त्याच मुलांची पूर्वपरीक्षा आणि अंतिम परीक्षा ताडून पाहायची असेल, तर ही चाचणी चालत नाही, कारण तिथे दोन्ही आकड्यांमागे तीच मुलं असतात. त्यासाठी मॅकनेमारची चाचणी लागते.